३ एकर, ५५ फूट विहीर: सौर पंप ३ एचपीचा की ५ एचपीचा?

प्रश्न: नमस्कार दादा. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात माझी ३ एकर जमीन आहे. १ एकर मोसंबी, ६ बाय ६ मीटरवर, ठिबक आहे, आंबे बहार धरतो. बाकी २ एकरांत सोयाबीन आणि त्यावर हरभरा नाहीतर गहू, तुषारवर. विहीर ५५ फूट खोल, २० फूट रुंद. मे महिन्यात उपसून पाणी ५० फुटांवर नेलं की रात्रभरात दीड फूट चढतं, जानेवारीत तेवढ्याच वेळात ४ फूट चढतं. सौर पंपाच्या योजनेत मला ५ एचपीपर्यंत बसतो. शेजारी म्हणतात मोठाच घ्या, पुन्हा मिळणार नाही. ३ घेऊ की ५? पॅनल किती वॅटचं लागेल?

उत्तर:

३ एचपी घ्या, ३००० वॅट पॅनलचा, आणि पंप ५० मीटर हेडचा, म्हणजे ५० मीटर उंच पाणी ढकलणारा, मागा. ३० मीटरचा गळ्यात मारत असतील तर घेऊ नका. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरापर्यंत ५ आणि त्यावर साडेसात अशी मर्यादा आहे. पण ती वरची मर्यादा आहे, पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो. एकराचा आणि एचपीचा हा हिशोब कागदासाठी ठीक आहे. तुमच्या विहिरीला त्यातलं काही ठाऊक नाही.

तुम्ही रात्रभरात पाणी किती चढतं ते मोजून सांगितलंत, हे फार कामाचं झालं. बहुतेक जण फक्त विहिरीची खोली सांगतात. २० फूट रुंदीच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. मे महिन्यात १२ तासांत दीड फूट, म्हणजे साधारण १३,३०० लिटर. झरे तासाला ११०० लिटर देतात असं धरा, चोवीस तासांचे झाले २६,००० ते २७,०००. पाणी वर चढत गेलं की झऱ्यांचा जोर कमी होतो, म्हणून याहून जास्त धरू नका. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांमधून आणि मुरमाच्या थरातून येतं. पंप कितीही मोठा लावा, भेग रुंद होत नाही. मे महिन्यात तुमच्याकडे दिवसाला २६,००० लिटर आहे, आणि सगळा हिशोब या आकड्याच्या आत बसवायचा आहे.

आता पिकाकडे या. ६ बाय ६ वर एकरी ११२ झाडं बसतात. पूर्ण वाढलेल्या मोसंबीला मे महिन्याच्या उन्हात झाडामागे दिवसाला १०० ते १२० लिटर लागतं. १२० धरलं तर १३,४०० लिटर, ठिबकमध्ये थोडं इकडेतिकडे जातं ते धरून १५,०००. बाकी उरलेल्या ११,००० लिटरवर दावणीच्या जनावरांसाठी दहा गुंठे गवत जगतं, त्याहून जास्त काही नाही. आंबे बहाराचं फळ मे महिन्यात झाडावर असतं, तेव्हा या पाण्यात काटकसर करता येत नाही. मृग बहार धरणाऱ्यांची गोष्ट वेगळी; त्यांची बाग एप्रिल-मेमध्ये ताणावर असते, त्यांना उन्हाळ्याची ही अडचण येत नाही.

तुमच्याकडे पाण्याची खरी मागणी जानेवारीत आहे. एकरभर रानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटर, हा आकडा पाठ करून ठेवा. भर वाढीतल्या गव्हाला जानेवारीत दिवसाला ४ मिलिमीटरच्या आसपास लागतं. दोन एकर गव्हाचे झाले ३२,००० लिटर, आणि तुषारचं नुकसान धरून ४३,०००. हरभऱ्याला याच्या निम्म्यातही भागतं. त्या वेळी मोसंबी ताणावर असते किंवा नुकती पाण्यावर आलेली असते, त्यामुळे दोन्ही मागण्या एकमेकींवर येत नाहीत. जानेवारीत विहिरीला रात्रीत ४ फूट येतं, म्हणजे दिवसाचे ७०,००० लिटर. तेव्हा विहीर पुरते, मग पंपाला रोज ४३,००० लिटर काढता आलं पाहिजे. इथे पॅनलचा प्रश्न येतो.

पॅनल ठरतं ते पाण्याच्या लिटरवर आणि पाणी किती उंच ढकलायचं त्यावर. या उंचीला हेड म्हणतात, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. विहीर ५५ फूट म्हणून हेड ५५ फूट धरतात. तुमचं मे महिन्याचं हेड मी असं मांडीन. पंप चालू असताना पाणी ५० फुटांवर. विहिरीपासून बागेपर्यंत चढ असेल, मी ८ फूट धरलाय. तुमच्याकडे कमी-जास्त असेल तर तेवढा फरक करा. ६३ मिलिमीटरच्या पाइपातून तासाला ९-१० हजार लिटर १०० मीटर लांब न्यायचं तर पाइपाच्या घर्षणात आणि बेंड-वॉल्व्हमध्ये १० फूट जातात. आणि मग ठिबक. ड्रीपरजवळ एक किलो दाब पाहिजे, फिल्टर आणि सबमेनमध्ये अर्धा किलो खाल्ला जातो. दीड किलो दाब म्हणजे ५० फूट उंची. म्हणजे ठिबक हीच तुमच्या विहिरीएवढी खोल दुसरी विहीर आहे, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. सगळं मिळून १२० फूट, ३६ मीटर.

जानेवारीत पाणी २५ फुटांवर असतं, पण तुषारला दोन-सव्वादोन किलो दाब लागतो, म्हणजे ७५ फूट. चढ आणि घर्षण धरून तेही १२० च्या आसपासच येतं. तुमच्या बाबतीत दोन्ही हंगामांचं हेड सारखंच निघतंय, त्यामुळे एकच पंप दोन्हीकडे चपखल बसतो. सगळ्यांचं असं जुळत नाही.

पॅनलसाठी मी एक सोपा हिशोब वापरतो. पॅनलचे वॅट गुणिले २०००, भागिले एकूण हेड फुटांत. उत्तर येतं निरभ्र दिवसाचे लिटर. यात आपल्याकडच्या साडेपाच तासांच्या पूर्ण उन्हाएवढी ऊर्जा धरलेली आहे आणि पंप, मोटर, कंट्रोलर, धूळ, उष्णता या सगळ्यांचं नुकसानही वजा केलेलं आहे. सरकारी मानकातला आकडा याहून मोठा आहे, पण तो दिवसभर सूर्यामागे फिरणाऱ्या पॅनलसाठी आणि जास्त उन्हासाठी आहे. मी मुद्दाम हात आखडता ठेवतो. मे महिन्यात पॅनलची काच आणि पाठ ६५ अंशांच्या घरात तापते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॅनल ०.३५ ते ०.४ टक्के शक्ती सोडतं, म्हणजे भर दुपारी १५ टक्के तिथेच गेले. ऊन कडक म्हणजे पंप जोरात, हे पूर्ण खरं नाही.

३००० गुणिले २०००, भागिले १२०: ५०,००० लिटर. तुमची जानेवारीची मागणी ४३,००० आहे, बसलं. ५ एचपीच्या ५००० वॅटचे निघतात ८३,०००. जानेवारीत विहीरच ७०,००० देते आणि तुमची गरज ४३,००० आहे, मग वरचं पाणी कुठे सोडणार? आणि मे महिन्यात तर ५ एचपी उलट त्रासच देईल. दुपारी तो तासाला १५,००० लिटर ओढू पाहतो. तुमच्या विहिरीत सकाळी साठलेलं पाणी १३,००० आणि झरा ११०० चा. सकाळी सुरू झालेला पंप अकराच्या सुमारास तळ गाठेल, कोरडा म्हणून बंद पडेल, पाच-दहा मिनिटांनी थोडं पाणी साचलं की पुन्हा उठेल, पुन्हा बंद पडेल. दिवसभर ही उठबस चालली की पंपाचे बुश आणि मोटरीचं बेअरिंग दोन्ही लवकर जातात.

खरं तर मे महिन्यात ३ एचपीसुद्धा तुमच्या बागेला मोठाच आहे, आणि त्यासाठी एक काम करावं लागेल. झाडाला ४ लिटरचे चार ड्रीपर असतील तर एकराला तासाला फक्त १,८०० लिटर जातं. पंप दुपारी ९,००० काढतो. उरलेलं पाणी जाणार कुठे? दाब चढतो, लॅटरलचे जोड निसटतात, फिल्टरचं झाकण गळायला लागतं. शेतकरी म्हणतो माल हलका आहे. माल बरा असतो, पाण्याला वाट नसते. म्हणून दोन गोष्टी करा. ड्रीपर ८ लिटरचे लावा, म्हणजे एकराला तासाला ३,६०० जाईल आणि सव्वाचार तासांत झाडाची गरज भागेल. मात्र सबमेन आणि लॅटरल एवढं पाणी वाहून नेतील अशा जाडीचे आहेत का, ते ठिबकवाल्याकडून आधी तपासून घ्या. आणि फिल्टरच्या आधी टी काढून बायपास वॉल्व्ह बसवा, त्याचा पाइप परत विहिरीत सोडा. बागेच्या शेवटच्या लॅटरलच्या टोकाला दाबमापक लावून एक किलो दाखवेपर्यंत बायपास उघडा-बंद करा. जास्तीचं पाणी विहिरीतच परत जातं, उपसा बागेला जातो तेवढाच होतो. या हिशोबाने सव्वाचार तासांत १५,००० लिटर जातात. सकाळचा साठा १३,००० आणि त्याच वेळात आलेला झरा साडेचार हजारांचा, एकूण साडेसतरा हजार. विहीर कोरडी पडत नाही. गवताला दुपारनंतर, तेही दिवसाआड.

आता ५० मीटर हेडचा आग्रह का, ते सांगतो. तुमचं हेड ३६ मीटर, म्हणजे ३० मीटरच्या पंपात कंपनीवाला म्हणेल, थोडंच जास्त आहे, चालेल. विजेवर कदाचित रेटून चाललाही असता, कारण तिथे मोटर कायम पूर्ण वेगाने फिरते. सौर पंपाचा वेग उन्हाबरोबर कमी-जास्त होतो, आणि वेग कमी झाला की पाणी वर ढकलण्याची ताकद त्याच्या वर्गाने घटते. वेग ८० टक्के झाला की हेड ६४ टक्केच उरतं. ३० मीटरचा पंप नळ बंद ठेवून जास्तीत जास्त ४५ मीटरपर्यंत दाब देतो. ८० टक्के वेगाला तो २९ मीटरवर येतो. तुम्हाला ३६ पाहिजे, म्हणजे मोटर फिरत राहते, कंट्रोलरवर आकडे दिसतात आणि ड्रीपर कोरडे. असा पंप साडेदहाला पाणी धरतो आणि तीनला सोडतो. ५० मीटरच्या पंपाचा बंद-नळ दाब ७० मीटरचा असतो. ८० टक्के वेगालाही ४५ मीटर शिल्लक राहतात, त्यामुळे साडेआठ-नऊलाच तो बागेपर्यंत पोचतो. उलट ७० मीटरचा घेतला तर सकाळी आणखी लवकर उठेल, पण दुपारी पाणी कमी देईल. तुम्हाला मधलाच हवा.

पृष्ठभागावरचा मोनोब्लॉक इथे चालणार नाही. ओढण्याची मर्यादा सात मीटर, २२-२३ फूट, आणि तुमचं पाणी ५० फुटांवर. सबमर्सिबलच लागणार. उभा, बोअरमधला पंप देत असतील तर त्याला बाहेरून पाइपाचं आवरण चढवून मागा. बोअरमध्ये जागा अरुंद असल्याने पाणी मोटरीला घासून वर जातं आणि मोटर थंड राहते. २० फूट रुंद विहिरीत पाणी बाजूनेच शिरतं, मोटरीभोवतीचं पाणी जागचं हलत नाही आणि मोटर आतून तापते. त्यापेक्षा आडवा ओपनवेल मिळाला तर उत्तम. पंप गाळापासून दोन फूट वर टांगा, तळाला टेकवू नका.

तुषार आणि ठिबक दोन्हीला सकाळी दाब कमी मिळणार, हे गृहीत धरून बागेचे दोन भाग करा. सकाळी एकच भाग उघडायचा, उन्हाने जोर धरला की दोन्ही. विद्राव्य खत मात्र साडेअकरा ते दोनच्या दरम्यानच सोडा. कमी दाबात खत सोडलं तर पहिल्या रांगेला मेजवानी आणि शेवटच्या रांगेला उपास. तुषारचे नोझलही सकाळी पाच फिरत असतील तर दुपारी आठ-नऊ फिरतील, त्याप्रमाणे लाइन वाढवत जा. रात्रीच्या पाळ्यांच्या सवयीतून बाहेर पडल्यावर ही उघडझाप पहिला हंगामभर कटकटीची वाटते.

ढगांचा प्रश्न लोक विचारतात. ऑगस्टमध्ये पंप निम्म्याने पाणी देतो हे खरं, पण तेव्हा विहिरीचं पाणी दहा फुटांवर आलेलं असतं, हेड कमी झालेलं असतं, आणि सोयाबीनला उघडीप पडली तर एखादंच संरक्षित पाणी द्यायचं असतं. खरी चिंता डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याची आणि फेब्रुवारीतल्या ढगाळ दिवसांची. त्यासाठी गव्हाच्या पाळ्या दोन दिवस आधी धरून चाला.

पंप बसवल्यावर पहिल्या निरभ्र दुपारी, बारा ते एकच्या दरम्यान, एक चाचणी स्वतः करा, सही नंतर. जानेवारीसारखं पाणी असेल तर तुषारची लाइन बंद करून सगळं पाणी बायपासमधून दोनशे लिटरच्या ड्रमकडे वळवा, आणि बायपासचा वॉल्व्ह आवळून दाबमापक दोन किलोवर आणा. दाब दोन किलोवरच ठेवला तर ड्रम ८० सेकंदांच्या आसपास भरला पाहिजे. हा तासाला ९,००० लिटरचा वेग झाला. दाब न ठेवता उघड्या पाइपाने ड्रम भरून दाखवतील, तो धो-धो भरेलच. त्याचा काही उपयोग नाही.

नंतर कधी पाणी कमी वाटलं तर आधी कंट्रोलरचा पडदा बघा. भर दुपारी वारंवारता ४८-५० हर्ट्झ आहे पण अँपिअर पडलेत आणि पाण्यात हवेचे फसफसे येतायत, म्हणजे विहीर रिकामी होतेय, बायपास उघडा. वारंवारता ३५-३८ वर अडकलीय आणि आकाश स्वच्छ आहे, म्हणजे दोष पॅनलकडे. धूळ, एखाद्या लिंबाच्या फांदीची सावली, किंवा एखादा सैल कनेक्टर. पॅनल एकापुढे एक जोडलेले असल्याने एकावर सावली पडली तरी पूर्ण रांग मंदावते. मागच्या वर्षी एका गड्याच्या रानात सगळे पॅनल धुवून झाले, कंट्रोलर बदलायची मागणी गेली, आणि शेवटी कनेक्टर उघडल्यावर आत पिन वितळलेली निघाली. बाहेरून प्लास्टिक नुसतं किंचित तपकिरी झालं होतं. ऊन असताना असा कनेक्टर स्वतः ओढू नका, डीसी करंटची ठिणगी लवकर विझत नाही, हात भाजतो. आधी आयसोलेटर बंद. हमीच्या पाच वर्षांत हे काम पुरवठादाराचं आहे, त्यालाच बोलवा. त्याच कारणाने कंट्रोलरवर स्वतःच्या मनाने जास्तीचे पॅनल जोडू नका. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की कंट्रोलर जळतो आणि हमीही जाते.

पॅनल पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर धुवा, तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका. विहिरीचं पाणी जड असेल तर पांढरे डाग धरतात, कापडाने लगेच पुसून घ्या. स्टँडचा कल बदलता येत असेल तर थंडीत उभट, ३५ अंशांच्या जवळ, आणि उन्हाळ्यात जवळपास आडवा ठेवा. मे महिन्यातल्या वावटळीचा विचार करून पायाचे खड्डे पूर्ण खोलीचे खणलेत की नाही, ते काँक्रीट पडायच्या आधी उभं राहून बघा.

शेजाऱ्यांचं एक म्हणणं मात्र विचारात घ्या: पुढे मोसंबी आणखी एक एकर वाढवायची असेल तर? तेव्हा मे महिन्याची मागणी ३०,००० होते आणि विहीर २६,००० देते. या तुटीला ५ एचपी काहीच करू शकत नाही, शेततळं करू शकतं. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, अस्तर लावलेलं, बाजूंना उतार असलेलं तळं जवळपास २२ लाख लिटर धरतं. मार्च ते मे त्यातले साडेसहा लाख उन्हाने उडून जातात. उरलेल्या पंधरा लाखांत एक एकर बाग तीन महिने निघते. ते तळं भरायलाही हाच ३ एचपी पुरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विहीर भरलेली असते, दिवसाला साठ हजार लिटर काढलं तर पाच-सहा आठवड्यांत भरून होतं. फक्त तेव्हा हेड खूप कमी असेल, आणि ५० मीटरचा पंप मोकळा सोडला की तो गरजेपेक्षा जास्त पाणी ओढून मोटरीवर भार टाकतो. म्हणून तळ्याकडे जाणारा वॉल्व्ह अर्धवट आवळून ठेवायचा, अँपिअर मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याच्या आत येईपर्यंत.

५ एचपी कुणी घ्यावा, तर ज्याचं पाणी बोअरमध्ये अडीचशे फुटांवर आहे त्याने. ५००० वॅट गुणिले २०००, भागिले ३००: जेमतेम ३३,००० लिटर. तुमच्या ३ एचपीपेक्षा कमी.